पोचा आलेला, गंजलेला, फुगलेला डबा: कुठला वापरायचा आणि कुठला न उघडताच टाकायचा

मी पुण्यात छोट्या पार्टी ऑर्डरी घेते, वीस पंचवीस माणसांपासून शंभरपर्यंत. मशरूम, बेबी कॉर्न, अननस, टोमॅटो प्युरी आणि सीझन संपल्यावर आंब्याचा रस, हे सगळं माझ्याकडे डब्यातलं येतं. सुरुवातीला मला एवढंच माहीत होतं की एक्स्पायरी डेट बघायची आणि डबा उघडायचा. मग एकदा आमच्या सुमनमावशींनी बेबी कॉर्नचा एक डबा उघडायला घेतला, वरचं झाकण थोडं घुमटासारखं वर आलेलं होतं, आणि कटरचं टोक आत गेल्या गेल्या पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट त्यांच्या हनुवटीवर, ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोबीवर. त्यांनी पदराने तोंड पुसलं, बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाल्या, "ताई, वास तर ठीक आहे, धुऊन घेऊ का?" मी "हो" म्हणणारच होते. तेवढ्यात माझी भाची घरात होती, ती आयसीयूत काम करते, तिने हातातला डबा काढून घेतला आणि आम्हा दोघींना आधी साबणाने हात आणि तोंड धुवायला लावलं.

त्या दिवशी तिने जे सांगितलं आणि नंतर मी जे शिकत गेले ते इथे लिहून काढतेय, कारण माझ्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं आणि घरी नवीन संसार मांडणाऱ्यांना तर कोणी सांगतच नाही.

हाताशी काय लागेल

- चांगला उजेड, शक्यतो खिडकीजवळ
- एक कोरडं पांढरं फडकं (गंज बघायला)
- मार्कर पेन
- रबरी हातमोजे, दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या, चिकटपट्टी
- साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटवालं
- मोबाइल, डब्यावरचा बॅच नंबर आणि तारखेचा फोटो काढायला

१) आधी डब्याचे जोड ओळखा

डबा हातात घ्या आणि वरच्या काठावरून नख फिरवा. तिथे जी उंच कडा लागते ना, ती म्हणजे झाकणाचा पत्रा आणि डब्याच्या अंगाचा पत्रा एकमेकांत दुमडून दाबलेला असतो. खालीही बऱ्याच डब्यांना तशीच कडा असते. आणि कागदी लेबल थोडं सोडवून बघितलंत तर अंगावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ दिसेल, तिथे पत्रा गुंडाळून जोडलेला असतो. काही डब्यांना खालची कडा आणि उभी रेघ नसते कारण ते एकाच पत्र्यातून ओढून काढलेले असतात, पण वरची कडा सगळ्यांना असते.

हे जोड कळले की पुढचं सगळं सोपं होतं, कारण डबा टिकतो तो या जोडांच्या जिवावर. कारखान्यात आंबट नसलेल्या पदार्थाचा डबा भरून, बंद करून मग एका मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात साधारण १२१ अंशांना शिजवतात. एवढं तापवायचं कारण एकच जंतू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो मातीत असतो, त्याची बीजं मशरूमला, मक्याला, बटाट्याला चिकटून येतात आणि ही बीजं साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवा नसेल, आंबटपणा कमी असेल आणि नेहमीच्या खोलीतली ऊब असेल तर ती रुजतात आणि विष तयार करतात. बंद डब्यात हवा नसतेच. म्हणजे कारखान्यातलं शिजवणं नीट झालं नाही तर, किंवा शिजवून झाल्यावर जोडातून काही आत शिरलं तर, डबा त्याच्यासाठी आयती जागा आहे.

आंबटपणाचं एक लक्षात ठेवा. अननस, आंब्याचा रस, टोमॅटो हे आंबट, त्यात हा जंतू सहसा वाढत नाही (पीएच ४.६ च्या खाली तो रुजत नाही). मशरूम, मका, बेबी कॉर्न, छोले, राजमा, मासे, मांस हे आंबट नसलेलं, खरी काळजी इथे. म्हणून माझ्याकडे मशरूमचा डबा आणि अननसाचा डबा दोन्ही तपासले जातात पण मशरूमच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

२) पोचा कुठे आहे ते बघा, किती मोठा आहे ते नंतर

लोक पोच्याचा आकार बघतात. मोठा पोचा दिसला की टाकायचा, बारीक असला की चालतो, असं. खरं तर जागा जास्त महत्त्वाची.

डब्याच्या अंगावर, मधल्या भागात, उथळ पोचा आहे, बोट फिरवलं तर गुळगुळीत बशीसारखा लागतो, टोक किंवा घडी नाही, तर तो डबा वापरायला हरकत नाही. खोके उतरवताना असे पोचे येतातच.

पोचा वरच्या किंवा खालच्या कडेवर असेल, कडा एका जागी चपटी झाली असेल किंवा उभ्या जोडावर घाव बसला असेल, तर बारीक असला तरी टाका. तिथला दुमडलेला पत्रा केसभर जरी उघडला तरी आत जायला वाट होते. आणि डब्याच्या आत निर्वात असल्यामुळे तो बाहेरची हवा आणि ओलावा स्वतःच ओढून घेतो.

तिसरा प्रकार म्हणजे खोल पोचा. माझी खूण अशी की बोटाचं पेर त्यात बसलं तर तो खोल. अशा पोच्याला बहुतेक वेळा टोकदार घडी असते आणि घडीवर पत्र्याचं आतलं अस्तर तडकतं, पत्राही चिरू शकतो. हाही टाकायचा, मग तो कुठेही असो.

इथे नवीन माणसं हमखास फसतात ती लेबलमुळे. कागदी लेबलाखाली घडी दिसतच नाही. म्हणून पोचा दिसला की त्यावरून अंगठा दाबून फिरवा, कागदाखाली धार लागते का बघा आणि शंका वाटली तर लेबल तेवढ्यापुरतं सोडवा. चिकट, वाळलेला ओघळ दिसला किंवा शेजारच्या डब्याचं लेबल कारण नसताना ओलं लागलं तर कुठलातरी डबा गळतोय, तो शोधल्याशिवाय खोका फडताळात ठेवू नका.

आणखी एक, चेपलेला डबा टकटक ठोकून पुन्हा सरळ करायचा प्रयत्न दुकानदारही करतात. तसं करू नका आणि तसा केलेला डबा घेऊही नका. वाकलेला पत्रा परत उलटा वाकवला की तिथेच चीर जायची शक्यता वाढते.

३) गंज फडक्याने पुसून बघा

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात डब्याला गंज येणं नवीन नाही, सिंकखालच्या कपाटात ठेवला तर पुण्यातही येतो. कोरड्या फडक्याने जोर न लावता पुसा. तांबूस रंग फडक्यावर आला आणि खाली पत्रा गुळगुळीत, चकचकीत निघाला तर तो वरवरचा गंज आहे, डबा लवकर वापरून टाका.

पुसल्यावरही खरखरीत लागत असेल, खवले निघत असतील, नखाला बारीक खड्डे लागत असतील तर गंज पत्र्यात उतरलाय. त्यात सुईच्या टोकाएवढं भोक असू शकतं आणि ते डोळ्यांना दिसणार नाही. विशेष करून कडेच्या खाचेत, जिथे ओलावा साठून राहतो, तिथला गंज मी पुसून ठेवत नाही, सरळ टाकते. चाकूने खरवडून "आत ठीक आहे का" बघू नका, उरलेला पत्राही जाईल.

४) दोन्ही टोकं दाबा

चांगल्या डब्याचं झाकण सपाट किंवा किंचित आत ओढलेलं असतं आणि अंगठ्याने दाबलं तर हलत नाही. वरचं टोक दाबा, मग डबा उलटा करून खालचं दाबा.

डबा उघडच फुगलेला दिसत असेल तर दाबूही नका, बाजूला ठेवा. दिसायला सपाट आहे पण दाबल्यावर झाकण टक् करून आत जातं आणि सोडलं की बाहेर येतं, किंवा एक टोक दाबलं की दुसरं वर येतं, असा डबाही फुगायला लागलेलाच आहे. हे लोक हसण्यावारी नेतात कारण मुलं त्याच्याशी खेळतात, टकटक आवाज येतो. पण आत वायू तयार होतोय किंवा निर्वात गेलंय एवढाच त्याचा अर्थ.

फुगायची कारणं बरीच आहेत. आंबट पदार्थ पत्र्यावर काम करून हायड्रोजन तयार करतो, त्यामुळे जुना अननसाचा किंवा रसाचा डबा फुगतो. कधी डबा जास्त भरलेला असतो, कधी गोठून फुगतो. आणि कधी जंतूंनी वायू केलेला असतो. दुकानदार तुम्हाला सांगेल, "गर्मीने होतं ताई, काही नाही." पण बाहेरून बघून कुठलं कारण आहे हे त्यालाही कळत नाही आणि मलाही नाही, म्हणून फुगलेला डबा, आत काहीही असो, उघडायचा नाही. (कोल्ड ड्रिंकचे डबे यात धरू नका, त्यात मुद्दाम दाब ठेवलेला असतो.)

आता एक खोका पूर्ण सांगते म्हणजे अंदाज येईल. मध्ये एका होलसेलवाल्याकडून "थोडा माल चेपलाय, निम्म्या भावात घ्या" म्हणून मशरूमचा २४ डब्यांचा खोका आला. खिडकीत टेबल मांडून आम्ही एकेक बघितला. ४ डब्यांना अंगावर उथळ, गोल पोचा होता, ते ठेवले. २ डब्यांची वरची कडा आपटून चपटी झालेली, ते गेले. १ डब्याचा पोचा लेबलाखाली बरोबर उभ्या जोडावर निघाला, बाहेरून तो सगळ्यात किरकोळ दिसत होता, तोही गेला. २ गंजलेले होते, त्यातला १ पुसल्यावर स्वच्छ झाला आणि १ ला कडेच्या खाचेत खड्डे लागले. १ उघड फुगलेला. राहिलेले १४ अगदी नवे कोरे दिसत होते, त्यांची टोकं दाबली तर त्यातला १ टक् करून आत गेला. म्हणजे २४ पैकी १८ ठेवले आणि ६ टाकले, आणि त्या ६ मधला एक असा होता की ज्याला ना पोचा ना गंज. दाबून बघितलं नसतं तर तो सरळ कढईत गेला असता.

५) "फुगला नाही म्हणजे ठीक" ही सगळ्यात मोठी चूक

हे मला फार उशिरा कळलं. डबा फुगतो तो आतला वायू कोंडून राहिला तर. जोडातून किंवा भोकातून डबा गळत असेल तर वायू त्याच वाटेने बाहेर जातो आणि डबा सपाटच राहतो. म्हणून कडेवर पोचा असलेला डबा "बघा, फुगलेला तर नाही" म्हणून ठेवायचा नाही.

यातलं खरं उदाहरण १९७८ चं आहे, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं. चार वयस्क माणसांनी अलास्काहून आलेला सॅमन माशाचा एक डबा मिळून खाल्ला आणि चौघांनाही बोट्युलिझम, म्हणजे या जंतूच्या विषाने अंग लुळं पडत जाणारा आजार, झाला, दोघं वाचले नाहीत. त्या डब्याला बारीक भोक होतं. मासा कारखान्यात नीट शिजला होता, पण शिजवून झाल्यावर डबा थंड होत असताना त्या भोकातून जंतू आत ओढला गेला होता. त्या माशात जो जंतू होता तो ई प्रकारचा. बोट्युलिझमच्या जंतूचे प्रकार असतात, त्यातले काही पदार्थ कुजवतात, घाण वास येतो, वायू होतो, तेव्हा निदान सुगावा तरी लागतो. ई प्रकार तसा नाही, त्याच्यामुळे वास बदलेलच असं नाही.

तसं बघितलं तर गळक्या डब्यात बहुतेक वेळा दुसरेच जंतू शिरतात आणि फार तर पोट बिघडतं, बोट्युलिझम हा खरंच दुर्मीळ आजार आहे. पण कुठल्या डब्यात काय शिरलंय हे घरी कळायचा काही मार्ग नाही, म्हणून दुर्मीळ असला तरी नियम त्याच्या हिशोबानेच लावायचा.

६) उघडताना काय बघायचं

डबा ओट्यावर ठेवा, तोंड त्याच्यावर वाकवू नका. झाकण आधी पुसून घ्या. कटरचं टोक आत गेलं की हलकासा फुस्स आवाज येतो, तो हवा आत जातानाचा असतो आणि तो चांगल्या डब्याचाच आवाज आहे, नवीन मुली त्याला घाबरतात. काळजीचं काय तर जोरात फसफसणं, पाणी बाहेर उडणं, फेस वर येणं. तसं झालं तर तिथेच थांबा. पाणी गढूळ किंवा तार धरलेलं असेल, बुरशी असेल, वास विचित्र असेल तर तेच.

आणि चव घ्यायची नाही. आपल्याकडे बोट बुडवून चव बघायची सवय हाडात मुरलेली आहे, आमटीत मीठ बघतो तसं. पण या विषाची अगदी कणभर मात्रासुद्धा पुरते, आणि त्याला स्वतःची चव नसते, म्हणजे चाखून कळणार काहीच नाही.

दुसरं म्हणजे "चांगलं उकळून घेऊ मग काय होतंय". यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते धोक्याचं आहे. तयार झालेलं विष उष्णतेने नष्ट होतं, दहा मिनिटं खळखळून उकळलं तर, पण बीजं उकळून मरत नाहीत. शिवाय फुगलेला डबा उघडतानाच पाणी अंगावर, हातांवर, ओट्यावर उडतं, ते कोण उकळणार? सुमनमावशींच्या वेळी सगळ्यात जास्त पाणी त्या चिरलेल्या कोबीवर उडालं होतं आणि तो कोबी कोशिंबिरीसाठी होता, कच्चाच वाढायचा. म्हणून संशयित डबा उकळून वापरायचा विचारच करायचा नाही.

७) टाकायचा कसा

न उघडलेला डबा नुसता कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचरा वेचणारे, भटकी कुत्री, घरकामाला येणारी बाई, कोणीतरी तो "चांगलाच दिसतोय" म्हणून उचलू शकतं. आधी बॅच नंबर आणि तारखेचा फोटो काढा. मग हातमोजे घालून डबा पिशवीत, ती पिशवी चिकटपट्टीने बंद, मग ती दुसऱ्या पिशवीत आणि तीही बंद. वर मार्करने मोठ्या अक्षरात "खराब, खाऊ नये" लिहा. भंगारात द्यायचा नाही, आणि आतलं सिंकमध्ये ओतून डबा धुवायचा तर मुळीच नाही.

सांडलं असेल तर पाव कप ब्लीच दोन कप पाण्यात मिसळा, सांडलेला सगळा भाग त्याने भिजवा, वर टिश्यू किंवा जुन्या कापडाचा थर टाका आणि किमान १५ मिनिटं तसंच राहू द्या. मग ते कापड पिशवीत बंद करून टाका आणि जागा साबणाच्या पाण्याने पुसा. कटरलाही तेच, स्पंज आणि फडकं असेल तर सरळ टाकून द्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर मिसळू नका, विषारी वायू होतो. शेवटी हात साबणाने दोन मिनिटं धुवायचे. आम्ही त्या दिवशी कोबी, फडकं, विळीवरचं सगळं टाकलं आणि पातेली धुऊन घेतली, तेवढ्यात ऑर्डरला तासभर उशीर झाला, ते चाललं.

८) कोणी खाल्लं असेल तर काय बघायचं

हा भाग नीट वाचा, कारण नेहमीच्या अन्नातल्या विषबाधेसारखं हे दिसत नाही. आपण जुलाब, ताप याची वाट बघत बसतो. इथे ताप नसतो. सुरुवातीला मळमळ, उलटी, पोटात दुखणं होऊ शकतं, जुलाबाऐवजी बद्धकोष्ठताही होते, पण खरी लक्षणं डोळ्यांपासून सुरू होतात.

भाचीने मावशींसाठी एक यादी फ्रिजवर लावली होती, ती अशी: पापण्या जड होऊन खाली येणं, एकाचे दोन दिसणं किंवा अंधूक दिसणं, तोंड कोरडं पडणं, जीभ जड होऊन बोलणं बोबडं होणं, घोट गिळताना अडकणं. मग मान, दंड, छाती, पाय, असं वरून खाली अशक्तपण उतरत जातं, दोन्ही बाजूंना सारखं. छातीचे स्नायू गेले की श्वास थांबतो, माणूस जातो तो यामुळे. आणि या सगळ्यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळत असतं, फक्त चेहऱ्यावर काही उमटत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं झोप आलीय किंवा दारू घेतलीय.

लक्षणं बहुतेक वेळा १२ ते ३६ तासांत येतात, पण काही तासांतही येऊ शकतात आणि आठवडाभराने किंवा त्याहून थोडं उशिराही. म्हणून आम्ही मावशींना आठ दिवस रोज सकाळ संध्याकाळ फोन करून दोन प्रश्न विचारायचो, "टीव्हीवरची अक्षरं एकच दिसतायत ना? चहा नीट गिळला जातो ना?" त्यांना काही झालं नाही. पण ते आठ दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत.

यातलं एक जरी लक्षण दिसलं तर "बघू सकाळी" करू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट आयसीयू आणि व्हेंटिलेटर असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा, जवळच्या दवाखान्यात रांगेत बसून वेळ घालवू नका. उलटी मुद्दाम करायला लावू नका, गिळणं कमजोर असेल तर ते श्वासनलिकेत जाईल, त्याच कारणाने पाणी, ताक, काढा काही पाजू नका.

आणि डॉक्टरांना डब्याचं स्वतःहून सांगा. आपल्याकडे पापण्या मिटायला लागलेला पेशंट आला की डॉक्टरांना आधी मण्यार चावल्याची शंका येते, आणि ती बरोबरच आहे कारण मण्यारीच्या विषाने अगदी असंच होतं आणि दंश बऱ्याचदा दिसतही नाही. अर्धांगवायू वाटू शकतो, आणखी दोन चार मज्जातंतूंचे आजार तसे दिसतात. बोट्युलिझम आयुष्यात न पाहिलेले डॉक्टर कितीतरी असतील, त्यांच्या डोक्यात हे यायला तुमचं एक वाक्य लागतं: "परवा दुपारी फुगलेल्या डब्यातलं खाल्लं होतं, आणि घरात अजून दोघांनी तेच खाल्लंय." डब्याचा फोटो दाखवा, उरलेलं अन्न बंद पिशवीत असेल तर ते आहे म्हणून सांगा, तपासायला लागू शकतं. ज्यांनी तेच खाल्लंय त्यांनाही घेऊन जा, त्यांना अजून काही होत नसलं तरी.

घाई कशाची तर अँटिटॉक्सिनची. हे औषध रक्तातलं मोकळं विष अडवतं, पण मज्जातंतूंना आधीच चिकटलेल्या विषाचं काही करू शकत नाही, म्हणजे जिथपर्यंत लुळेपणा आलाय तिथून तो पुढे जाणं थांबतं, मागे हटत नाही. ते प्रत्येक हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं नसतं, मागवावं लागतं, म्हणून शंका पहिल्या तासात बोलून दाखवलेली बरी. नसा हळूहळू पुन्हा जोडल्या जातात, त्याला आठवडे, कधी महिने लागतात, तोवर व्हेंटिलेटर श्वास देतो.

हे फक्त परदेशातलं आणि फक्त डब्यातलं आहे असं समजू नका. १९९६ मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेत ३४ मुलं अशीच आजारी पडली, त्यातली ३ गेली. संशय गेला तो शेवेवर, बेसनाच्या साध्या शेवेवर, आणि त्यात याच कुळातला, तेच ई प्रकारचं विष करणारा जंतू सापडला. त्यामुळे खाण्यात डबा आलाच नव्हता म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करायचं असं नाही.

९) परत करणं, तक्रार आणि पुढची खरेदी

दुकानातून आणलेला न उघडलेला फुगलेला डबा बिलासकट परत देता येतो, पण "हा शेल्फवर परत ठेवू नका" हे तोंडाने सांगा, मी तर मार्करने त्याच्यावर फुली मारूनच देते. त्याच बॅचचे अजून डबे तिथे असतील तर तेही दाखवा. एक डबा आपटून फुटला तर तो एकटाच खराब, पण पोचा नसताना एकाच बॅचचे दोन तीन फुगलेले निघाले तर कारखान्यात शिजवण्यातच गडबड असू शकते, आणि मग तक्रार करायलाच हवी. एफएसएसएआयचा टोल फ्री नंबर १८००११२१०० आहे, Food Safety Connect ॲपवरही तक्रार करता येते. त्यासाठी बॅच नंबर, तारीख, लेबलवरचा परवाना नंबर, बिल आणि डब्याचे चारी बाजूंनी फोटो लागतात, म्हणूनच टाकायच्या आधी फोटो काढायला सांगितलं.

खरेदी करताना निम्म्या भावातला चेपलेला माल घ्यायचाच असेल तर खोका बंद घेऊ नका, दुकानातच उघडून एकेक दाबून घ्या, दुकानदार नाही म्हणाला तर तो माल सोडा. माझ्या त्या २४ मधले ६ गेल्यावर वाचलेल्या पैशांतला बराच भाग असाच गेला, शिवाय तपासायला दोघींचा अर्धा तास. त्या होलसेलवाल्याने ६ पैकी ४ डबे बदलून दिले आणि २ वर "तुम्हीच पाडले असतील" म्हणाला. आता मी त्याच्याकडून फक्त चांगला माल घेते आणि खोका त्याच्यासमोर उघडते.

घरी आल्यावर प्रत्येक डब्याच्या झाकणावर आणल्याची तारीख लिहा, जुने पुढे, नवे मागे. सिंकखाली, गॅसच्या वर किंवा ओल असलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि अर्धा डबा उरला तर तो उघड्या डब्यातच फ्रिजमध्ये ढकलू नका, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढा, झाकण लावा, वर तारीख लिहा. आमच्याकडे मशरूम तिसऱ्या दिवशी संपले नाहीत तर सुमनमावशी मला न विचारता टाकून देतात.